निष्कर्षित नोंदींचा ऑडिट ट्रेल

निष्कर्षित नोंदींचा ऑडिट ट्रेल म्हणजे दस्तऐवजांतून माहिती काढून ती तक्त्यात किंवा विदागारात भरताना प्रत्येक नोंदीसोबत जपलेला तिच्या उगमाचा तपशील होय. ती नोंद दस्तऐवजाच्या कोणत्या आवृत्तीतून आली, ती कोणत्या तारखेला काढली गेली आणि ती काढताना कोणत्या सूचना लागू होत्या, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यात असतात. नोंद कोणी काढली आणि ती दस्तऐवजाच्या कोणत्या पानावर किंवा तक्त्यात आढळली, हेही बहुधा सोबत लिहिले जाते. वैद्यकीय संशोधनाचे पद्धतशीर आढावे, औषध चाचण्यांची कागदपत्रे, जुन्या अभिलेखांचे संगणकीकरण आणि कायदेशीर कागदपत्रांची छाननी अशा अनेक क्षेत्रांत ही पद्धत वापरली जाते. या लेखात तिचे स्वरूप प्रामुख्याने पद्धतशीर आढाव्यांच्या संदर्भात दिले आहे.

## पार्श्वभूमी

‘ऑडिट ट्रेल’ ही संज्ञा हिशेबलेखनातून आली. खातेवहीतील रकमेपासून रोजकीर्दीपर्यंत आणि तेथून मूळ पावतीपर्यंत उलट दिशेने जाता यावे, ही तिच्यामागची मूळ कल्पना आहे. औषधनिर्मिती व वैद्यकीय चाचण्यांच्या क्षेत्रात तिला नियमाचे रूप मिळाले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये इलेक्ट्रॉनिक अभिलेखांविषयी नियम प्रसिद्ध केले. नोंद तयार करणे, बदलणे किंवा काढून टाकणे या कृतींची तारीख व वेळ संगणकाने आपोआप नोंदवावी आणि नवीन बदलामुळे आधीची माहिती झाकली जाऊ नये, अशी तरतूद त्यांत आहे. भारतातही कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवणे १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक झाले आहे.

माहितीचा उगम संगणकाला वाचता येईल अशा रीतीने कसा मांडावा, यासाठी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने एप्रिल २०१३ मध्ये ‘प्रोव्ह’ नावाचा मानक आराखडा प्रसिद्ध केला. त्यात उगमाचे वर्णन वस्तू, कृती आणि कर्ता या तीन मूलभूत घटकांत केले जाते. निष्कर्षणाच्या संदर्भात दस्तऐवज आणि त्यातून काढलेली नोंद या वस्तू ठरतात, विशिष्ट वेळी झालेले वाचन ही कृती ठरते आणि वाचणारी व्यक्ती किंवा संगणकीय प्रणाली हा कर्ता ठरतो. सूचनापत्रक हीदेखील एक वस्तूच असते, कारण वाचनाच्या कृतीत तिचा वापर झालेला असतो.

## पद्धतशीर आढाव्यातील निष्कर्षण

एखाद्या उपचाराविषयी झालेले सर्व अभ्यास शोधून, त्यांची छाननी करून त्यांचे निष्कर्ष एकत्र मांडणाऱ्या संशोधनाला पद्धतशीर आढावा म्हणतात. त्यात निवडलेला प्रत्येक शोधनिबंध वाचून त्यातील सहभागींची संख्या, घटनांची संख्या, परिणामाचे आकडे आणि अभ्यासाच्या गुणवत्तेविषयीचा निर्णय ठरावीक नमुन्यात भरला जातो. चुका टाळण्यासाठी हे काम शक्यतो दोन व्यक्ती स्वतंत्रपणे करतात. दोघांत तफावत आढळल्यास चर्चेने किंवा तिसऱ्या व्यक्तीच्या मताने निर्णय होतो. पुढे हेच आकडे मेटा-विश्लेषणात एकत्र केले जातात आणि त्यावरून उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरतात.

हे काम अनेकदा एक-दोन वर्षे चालते. या काळात शोधनिबंधांना शुद्धिपत्रे निघतात, काही निबंध मागे घेतले जातात आणि काहींच्या सुधारित आवृत्त्या येतात. आढावा करणाऱ्यांचे सूचनापत्रकही सुरुवातीच्या अनुभवानंतर बदलते. तक्त्यातील आकडा मात्र या बदलांची कोणतीही खूण अंगावर बाळगत नाही. तो कोणत्या परिस्थितीत काढला गेला हे सोबत लिहिलेले नसेल, तर नंतर आकड्याकडे पाहून ते ओळखता येत नाही.

## उदाहरण : प्रेडिमेड चाचणी

स्पेनमध्ये झालेली ‘प्रेडिमेड’ ही आहारविषयक चाचणी या अडचणीचे ठळक उदाहरण आहे. हृदयविकाराचा धोका अधिक असलेल्या ७,४४७ व्यक्तींचे तिच्यात तीन गट करण्यात आले होते. पहिल्या गटाला भूमध्यसागरी आहारासोबत एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल, दुसऱ्या गटाला त्याच आहारासोबत सुकामेवा आणि तिसऱ्या, म्हणजे तुलनेच्या गटाला आहारातील स्निग्ध पदार्थ कमी करण्याचा सल्ला देण्यात आला. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने झालेला मृत्यू यांची एकत्रित गणना हे तिचे मुख्य मोजमाप होते.

चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. २०१७ मध्ये जॉन कार्लाइल यांनी ५,०००हून अधिक चाचण्यांतील सहभागींच्या सुरुवातीच्या मोजमापांची सांख्यिकीय तपासणी प्रसिद्ध केली. ज्या चाचण्यांतील गटवाटप खरोखर यादृच्छिक होते का अशी शंका या तपासणीतून आली, त्यांत प्रेडिमेडही होती. संशोधकांनी फेरतपासणी केली, तेव्हा काही ठिकाणी एकाच घरातील व्यक्तींना यादृच्छिक वाटप न करता एकाच गटात टाकल्याचे, तर एका केंद्रावर व्यक्तींऐवजी संपूर्ण दवाखानेच एका गटात टाकल्याचे उघड झाले. त्यामुळे जून २०१८ मध्ये मूळ निबंध मागे घेण्यात आला आणि नव्या विश्लेषणासह सुधारित निबंध त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांच्या गटवाटपात नियमभंग झाल्याचे ज्ञात होते किंवा तसा संशय होता अशा १,५८८ सहभागींना वगळूनही निष्कर्ष तपासले गेले व ते साधारण तसेच राहिले. निष्कर्षाची भाषा मात्र पूर्वीपेक्षा सावध झाली.

दोन्ही आवृत्त्यांतील मुख्य आकडे पुढीलप्रमाणे आहेत.

| बाब | २०१३ ची आवृत्ती | २०१८ ची आवृत्ती |
|---|---|---|
| एकूण घटना | २८८ | २८८ |
| ऑलिव्ह तेल गट, हॅझर्ड गुणोत्तर | ०.७० (०.५४ ते ०.९२) | ०.६९ (०.५३ ते ०.९१) |
| सुकामेवा गट, हॅझर्ड गुणोत्तर | ०.७२ (०.५४ ते ०.९६) | ०.७२ (०.५४ ते ०.९५) |

कंसातील आकडे ९५ टक्के विश्वासांतराच्या सीमा दाखवतात. सुकामेवा गटाचा ०.७२ हा आकडा दोन्ही आवृत्त्यांत सारखाच आहे. एखाद्या तक्त्यात केवळ ‘प्रेडिमेड, सुकामेवा, ०.७२’ असे लिहिलेले असेल, तर ती नोंद मागे घेतलेल्या निबंधातून आली की सुधारित निबंधातून, हे त्यावरून कळत नाही.

आकडे जवळपास सारखे असले तरी त्यांच्या आधारे घेतलेला निर्णय सारखा राहत नाही. आढाव्यात प्रत्येक चाचणीच्या गटवाटपाची विश्वासार्हताही नोंदवली जाते. २०१३ चा निबंध वाचणारी व्यक्ती या रकान्यात ‘पूर्वग्रहाचा धोका कमी’ असे प्रामाणिकपणे लिहू शकत होती. २०१८ च्या निबंधात गटवाटपातील त्रुटी स्वतः संशोधकांनीच सांगितल्या आहेत, म्हणून तो वाचणाऱ्याला तसे सहज लिहिता येणार नाही. ‘धोका कमी’ ही नोंद चूक आहे की तिच्या वेळी उपलब्ध असलेल्या आवृत्तीनुसार बरोबर आहे, हे ऑडिट ट्रेलवाचून ठरवता येत नाही.

## ट्रेलचे घटक

### दस्तऐवजाची आवृत्ती

आवृत्ती दोन प्रकारे नोंदवली जाते. पहिला प्रकार प्रकाशकाने दिलेल्या ओळखीचा. प्रेडिमेडच्या दोन्ही निबंधांना वेगवेगळे डीओआय क्रमांक असल्यामुळे येथे क्रमांकावरूनच आवृत्ती ओळखता येते. सर्वत्र अशी सोय नसते. एखाद्या निबंधाला किरकोळ शुद्धिपत्र निघाल्यावर संकेतस्थळावरील मजकूर दुरुस्त होतो, परंतु डीओआय बहुधा तोच राहतो. अशा वेळी शुद्धिपत्राची तारीखही आवृत्तीचा भाग म्हणून लिहावी लागते. प्रकाशनपूर्व प्रतींच्या संग्रहांपैकी ‘आर्काइव्ह’मध्ये प्रत्येक सुधारित प्रतीला `v1`, `v2` असा क्रमांक मिळतो. संदर्भात हा क्रमांक दिला नाही, तर दुवा नेहमी सर्वांत नव्या प्रतीकडे जातो आणि वाचलेली प्रत दुसरीच असू शकते.

दुसरा प्रकार प्रत्यक्ष वाचलेल्या फाइलच्या ओळखीचा. त्यासाठी फाइलचा हॅश काढला जातो. हॅश म्हणजे फाइलमधील सर्व मजकुरावरून ठरावीक गणिती रीतीने तयार होणारी निश्चित लांबीची अक्षरमाला. एसएचए-२५६ या पद्धतीत ती ६४ अक्षरांची असते. फाइलमध्ये एका अक्षराचा बदल झाला तरी संपूर्ण हॅश बदलतो. लिनक्स प्रणालीवर तो पुढील आज्ञेने मिळतो.

```
sha256sum predimed_2013.pdf
```

फाइलचे नाव ही तिची विश्वसनीय ओळख नसते, कारण `final.pdf` या नावाच्या जागी नवी प्रत ठेवली तरी नाव तेच राहते. हॅश मात्र ही अदलाबदल लगेच उघड करतो. त्यालाही एक मर्यादा आहे. अनेक प्रकाशक डाउनलोड होणाऱ्या प्रत्येक पीडीएफच्या समासात डाउनलोडची तारीख किंवा संस्थेचे नाव छापतात. त्यामुळे दोन व्यक्तींनी एकच निबंध उतरवून घेतला तरी त्यांच्या फाइलींचे हॅश वेगळे येतात. हॅश सारखा असेल तर फाइल तीच आहे असे म्हणता येते. तो वेगळा असेल तर निबंधाचा मजकूर वेगळाच असला पाहिजे असे मात्र म्हणता येत नाही. म्हणून प्रकाशकाची ओळख आणि फाइलचा हॅश या दोन्ही बाबी नोंदवल्या जातात, आणि निष्कर्षण सुरू करण्यापूर्वी सर्वांसाठी एकच प्रत सामायिक ठिकाणी ठेवली जाते.

### प्रक्रियेची तारीख

एका नोंदीशी किमान दोन तारखा जोडलेल्या असतात. दस्तऐवज मिळवल्याची तारीख पहिली आणि त्यातून माहिती काढल्याची तारीख दुसरी. या दोहोंत अनेक महिन्यांचे अंतर असू शकते. सुधारित निबंध १३ जून २०१८ रोजी प्रसिद्ध झाला, त्यामुळे त्यापूर्वी काढलेली प्रत्येक नोंद जुन्या आवृत्तीचीच असणार, हे निश्चित. याउलट त्यानंतर काढलेली नोंद नव्या आवृत्तीची असेलच असे नाही, कारण वाचणाऱ्याच्या संगणकावर आधी उतरवलेली जुनी प्रत असू शकते. तारखेवरून आवृत्तीचा अंदाज एकाच दिशेने बांधता येतो. म्हणून तारीख ही आवृत्तीच्या नोंदीला पूरक असते, तिची जागा घेऊ शकत नाही.

तारीख लिहिण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. ‘०६/०७/२०१८’ ही तारीख भारतात ६ जुलै, तर अमेरिकेत ७ जून अशी वाचली जाते. प्रेडिमेडच्या बाबतीत यांतील पहिली तारीख नव्या निबंधानंतरची, तर दुसरी त्याच्या आधीची ठरते. हा घोटाळा टाळण्यासाठी आयएसओ ८६०१ मानकानुसार वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख लिहितात आणि वेळेसोबत वेळक्षेत्रही देतात. उदाहरणार्थ, `2018-06-14T01:30:00+05:30` ही भारतातील १४ जूनच्या पहाटेची वेळ असली, तरी जागतिक प्रमाणवेळेनुसार तो १३ जूनच असतो.

### वापरलेल्या सूचना

नोंद काढताना काय शोधावे, पर्याय अनेक असतील तर कोणता घ्यावा आणि माहिती सापडली नाही तर काय लिहावे, हे सूचनापत्रकात सांगितलेले असते. एकाच दस्तऐवजाच्या एकाच आवृत्तीतून वेगवेगळ्या सूचनांनुसार वेगवेगळ्या आणि तरीही बरोबर नोंदी निघू शकतात, म्हणून हा घटक आवश्यक ठरतो.

प्रेडिमेडमध्ये हे स्पष्ट दिसते. ऑलिव्ह तेल गटातील २,५४३ व्यक्तींपैकी ९६ जणांच्या बाबतीत, तर तुलनेच्या गटातील २,४५० पैकी १०९ जणांच्या बाबतीत मुख्य घटना घडली. ‘घटनांची संख्या व गटातील व्यक्ती लिहाव्यात’ अशी सूचना असेल, तर या आकड्यांवरून निघणारे जोखीम गुणोत्तर सुमारे ०.८५ येते. ‘निबंधात दिलेले समायोजित हॅझर्ड गुणोत्तर लिहावे’ अशी सूचना असेल, तर २०१३ च्या आवृत्तीतून ०.७० ही नोंद होते. पहिल्या रीतीत प्रत्येक व्यक्ती सारखीच मोजली जाते. दुसऱ्या रीतीत प्रत्येक व्यक्ती किती काळ निरीक्षणाखाली होती हे विचारात घेतले जाते. तुलनेच्या गटातून अधिक लोक मध्येच बाहेर पडल्यामुळे त्यांचा निरीक्षणकाळ कमी होता, आणि हॅझर्ड गुणोत्तरात वय, लिंग यांसारख्या घटकांचे समायोजनही केलेले होते. त्यामुळे दोन आकड्यांत इतका फरक पडतो. त्यांतील एक जण चुकला असे समजून मध्यममार्ग काढणे हीच खरी चूक ठरेल.

सूचनांचा दुसरा परिणाम ओळींच्या संख्येवर होतो. भूमध्यसागरी आहाराचे दोन्ही गट स्वतंत्र ओळींत लिहिले, तर तुलनेचा एकच गट मेटा-विश्लेषणात दोनदा मोजला जाण्याचा धोका असतो. ‘एकसारखे गट एकत्र करावेत’ अशी सूचना असेल, तर दोन ओळींऐवजी ४,९९७ व्यक्ती व १७९ घटना अशी एकच ओळ तयार होते. १७९ हा आकडा निबंधाच्या मुख्य तक्त्यात शोधायला गेल्यास सापडणार नाही, कारण तो ९६ आणि ८३ यांची बेरीज आहे. सूचनेचा उल्लेख नसेल तर पडताळणी करणाऱ्याला तो मनचा आकडा वाटू शकतो.

गुणवत्तेच्या निर्णयांतही असेच घडते. कोक्रेन संस्थेच्या पूर्वग्रह-जोखीम साधनाची दुसरी आवृत्ती २०१९ मध्ये आली. पहिल्या आवृत्तीत ‘कमी’, ‘अस्पष्ट’ व ‘जास्त’ असे पर्याय होते. दुसरीत ‘अस्पष्ट’च्या जागी ‘काही शंका’ हा पर्याय आहे आणि निर्णय एका ठरावीक निष्कर्षापुरता घेतला जातो. नुसता ‘कमी’ हा शब्द दोन्हींत आढळतो, पण त्याचा अर्थ तंतोतंत सारखा नसतो.

म्हणून सूचनापत्रकाला क्रमांक दिला जातो, प्रत्येक बदलानंतर क्रमांक वाढवला जातो आणि जुनी पत्रके जशीच्या तशी जपली जातात. केवळ क्रमांक लिहून मूळ पत्रकावर नवा मजकूर चढवला, तर तो क्रमांक निरर्थक होतो. गिटसारख्या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत पत्रक ठेवल्यास प्रत्येक बदलाला आपोआप ओळखक्रमांक मिळतो. माहिती एखाद्या संगणकीय प्रणालीने काढली असेल, तर तिचे नाव, आवृत्ती आणि तिला दिलेल्या आज्ञांचा संपूर्ण मजकूर हे सूचनांचेच भाग मानले जातात.

## नोंदीची रचना आणि दुरुस्ती

पुढे एका कल्पित आढाव्यातील नमुना नोंद दिली आहे. तिच्यातील निबंधाचे तपशील खरे असून तारखा, सांकेतिक अक्षरे व क्रमांक उदाहरणादाखल आहेत.

```
record_id:       PRD-014
value:           HR 0.72 (0.54-0.96)
source_doi:      10.1056/NEJMoa1200303
file_sha256:     9c41...
retrieved:       2017-10-03
extracted:       2017-11-20T16:10:00+05:30
instructions:    v1.2
extractor:       A
supersedes:      -
```

सुधारित निबंध प्रसिद्ध झाल्यावर ही ओळ खोडली जात नाही. तिच्या जागी नवी ओळ जोडली जाते आणि ती कोणत्या ओळीची जागा घेते हे लिहिले जाते.

```
record_id:       PRD-031
value:           HR 0.72 (0.54-0.95)
source_doi:      10.1056/NEJMoa1800389
file_sha256:     e07b...
retrieved:       2018-07-02
extracted:       2018-07-04T11:25:00+05:30
instructions:    v1.3
extractor:       A
supersedes:      PRD-014
reason:          source retracted and republished
```

विश्लेषणासाठी तक्ता तयार करताना ज्या नोंदींची जागा दुसऱ्या नोंदीने घेतलेली नाही, तेवढ्याच निवडल्या जातात. जुन्या नोंदी संग्रहात तशाच राहिल्यामुळे २०१७ च्या अखेरीस आढाव्यात काय होते, हे पुन्हा उभे करता येते. येथे निबंधाची आवृत्ती आणि सूचनापत्रक दोन्ही एकाच वेळी बदलल्याचे दिसते. पुढे आकड्यात फरक आढळला, तर तो नव्या निबंधामुळे आला की १.३ क्रमांकाच्या सूचनांमुळे, हे वेगळे करण्यासाठी नवा निबंध जुन्या १.२ सूचनांनुसारही एकदा वाचावा लागतो. एका वेळी एकच घटक बदलणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

दोन व्यक्ती स्वतंत्रपणे निष्कर्षण करत असतील, तर दोघांच्या नोंदी आणि चर्चेनंतरची अंतिम नोंद अशा तीनही ओळी ठेवल्या जातात. केवळ अंतिम ओळ ठेवली, तर दोघांत किती वेळा मतभेद झाले आणि ते सूचनापत्रकातील कोणत्या वाक्यामुळे झाले, हे समजण्याचा मार्ग बंद होतो.

## आढळणारे दोष आणि त्यांची ओळख

ऑडिट ट्रेल ठेवलेला असूनही तो निरुपयोगी असू शकतो. असे काही दोष ट्रेल वाचूनच ओळखता येतात.

सर्व नोंदींवर निष्कर्षणाची वेळ सेकंदापर्यंत सारखीच असेल, तर ती वाचनाची वेळ नसून तक्ता एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत नेल्याची वेळ असण्याची शक्यता अधिक असते. शंभर निबंध एकाच सेकंदात कोणी वाचू शकत नाही. अशा वेळी मूळ वेळ हस्तांतरणात पुसली गेलेली असते.

सूचनापत्रक मध्येच बदलले असूनही सर्व नोंदींवर शेवटचाच क्रमांक आढळणे हा दुसरा दोष होय. हे तपासण्यासाठी १.३ क्रमांकाचे पत्रक कधी अमलात आले ती तारीख घेतात आणि त्यापूर्वी काढलेल्या नोंदी पाहतात. पत्रक अस्तित्वात येण्यापूर्वीच्या नोंदीवर त्याचा क्रमांक असेल, तर तो रकाना नंतर एकगठ्ठा भरला गेला असे समजते. वर दिलेल्या पहिल्या नमुना नोंदीवर `v1.3` असे लिहिलेले असते, तर हा विरोध दिसला असता.

तिसरा दोष हॅशमध्ये दिसतो. संग्रहातील फाइलचा हॅश पुन्हा काढला असता तो नोंदवलेल्या हॅशशी जुळला नाही, तर फाइल बदलली गेली आहे. याशिवाय पुढील अक्षरमाला आढळल्यास फाइल पूर्ण रिकामी होती, म्हणजे डाउनलोड अयशस्वी झाले होते, असे निदान होते.

```
e3b0c44298fc1c149afbf4c8996fb92427ae41e4649b934ca495991b7852b855
```

रिकाम्या फाइलचा एसएचए-२५६ हॅश नेहमी हाच येतो. त्या फाइलच्या नावावर आकडे नोंदवलेले असतील, तर ते दुसऱ्याच कोठून तरी आलेले असतात आणि ती नोंद नव्याने काढावी लागते.

## मर्यादा

ऑडिट ट्रेल नोंदीचा उगम सांगतो. नोंद खरी असल्याची खात्री तो देत नाही. ०.७२ ऐवजी चुकून ०.२७ लिहिले गेले, तरी आवृत्ती, तारीख व सूचना या तिन्ही बाबी अचूक असू शकतात. ट्रेलचा उपयोग एवढाच, की पडताळणी करणारी व्यक्ती तीच फाइल उघडून, त्याच सूचना वाचून, त्याच तक्त्यापाशी पोहोचते आणि चूक तिच्या लक्षात येऊ शकते. मूळ दस्तऐवजातच दोष असेल, तर तोही ट्रेलमुळे कळत नाही. प्रेडिमेडच्या २०१३ च्या निबंधातून काढलेल्या नोंदींचा ट्रेल कितीही निर्दोष असता, तरी गटवाटपातील त्रुटी त्यातून उघड झाली नसती. ती उघड झाल्यावर कोणत्या नोंदी पुन्हा तपासायच्या, हे मात्र त्यावरूनच सांगता येते.

नंतर आठवणीने भरलेला ट्रेल फारसा विश्वासार्ह नसतो. कोणती प्रत वाचली हे आठवत नसताना आज संकेतस्थळावर असलेली आवृत्ती लिहून टाकली, तर तो रकाना रिकामा ठेवण्यापेक्षा अधिक घातक ठरतो, कारण वाचणाऱ्याला तेथे पुरावा आहे असे वाटते. अशा ठिकाणी ‘अज्ञात’ असे लिहून नोंद नव्याने काढणे योग्य मानले जाते.

संकेतस्थळावरील काही मजकुराला आवृत्ती क्रमांक नसतो आणि तो कोणतीही सूचना न देता बदलतो. तेथे मिळवलेली प्रत जपणे व तिचा हॅश नोंदवणे हाच आवृत्तीचा एकमेव पुरावा असतो. मात्र हक्काधीन मजकूर इतरांना वाटता येत नसल्यामुळे बाहेरच्या वाचकाला अशा नोंदीची पडताळणी करणे अवघड जाते. त्याच्याकडे स्वतःची प्रत असेल, तर हॅश जुळतो का एवढे तो पाहू शकतो.

## हेही पाहा

* पद्धतशीर आढावा
* मेटा-विश्लेषण
* आवृत्ती नियंत्रण
* भूमध्यसागरी आहार